होस्टेलच्या मेसचा फीडबॅक फॉर्म: पोरांना नेमकं काय विचारायचं आणि कसं

"जेवणाचा दर्जा कसा आहे? उत्तम / चांगला / बरा / वाईट." बहुतेक होस्टेलच्या फॉर्मवर हाच पहिला प्रश्न असतो आणि त्याची उत्तरंही ठरलेली. निम्मी पोरं 'बरा'वर टिक करतात, थोडी 'चांगला'वर, आणि ज्याला त्या दिवशी आमटी खारट लागली तो 'वाईट'वर. मग हे कागद मेसवाल्या काकांच्या पुढ्यात ठेवले की ते म्हणणार, बघा, जास्त पोरं तर बरंच म्हणतायत, आणि त्यांचं काही चुकलंही नाही कारण त्या कागदावरून त्यांनी उद्या सकाळी उठून काय बदलायचं हे कुणालाच सांगता येणार नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका होस्टेलला दोन वर्षं मेस सेक्रेटरी होतो. साधारण १२० मुलं, निम्मी आसपासच्या तालुक्यांतली, निम्म्याला थोडी कमी घाटावरची. पहिल्या वर्षी आम्ही २२ प्रश्नांचा फॉर्म काढला, सगळ्यांना १ ते ५ गुण द्यायला लावले आणि हातात काहीच आलं नाही. दुसऱ्या वर्षी सगळं पहिल्यापासून केलं. ते कसं केलं तेच इथे सविस्तर लिहितोय, म्हणजे तुमच्याकडे कमिटी असेल किंवा तुम्ही रेक्टर असाल तर थेट वापरता येईल.

एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची. प्रश्न मताबद्दल विचारायचा नाही, घडलेल्या गोष्टीबद्दल विचारायचा. "भात कसा असतो" याचं उत्तर जो तो आपल्या मूडप्रमाणे देतो, पण "काल रात्री तुम्ही ताट घेतलं तेव्हा भात गरम होता, कोमट होता की गार" याला तीनच उत्तरं आहेत आणि त्यातलं एक खरं आहे.

प्रश्न लिहायच्या आधी तीन दिवस मेसमध्ये बसा

फॉर्म लिहायला बसण्याआधी तीन दिवस दोन्ही वेळेला मेसमध्ये थांबा आणि वही घेऊन दोनच गोष्टी टिपा. पहिली म्हणजे कुठला पदार्थ किती वाजता शिजून उतरला आणि शेवटचं ताट किती वाजता वाढलं. दुसरी, खरकट्याच्या बादलीत काय पडतंय. आम्ही भाताला एक आणि भाजी-आमटीला एक अशा दोन बादल्या ठेवल्या आणि रात्री वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहिला, भांडारात काटा असतोच. पोरं तोंडाने काहीही बोलोत, बादली खरं बोलते. ज्या दिवशी पांढऱ्या वाटाण्याची उसळ असायची त्या दिवशी भाजीची बादली जड आणि भाताची हलकी, म्हणजे पोरं उसळ टाकून नुसता आमटी-भात खाऊन उठत होती. हे कळलं म्हणून पुढे उसळीबद्दल वेगळा प्रश्न घालायचं सुचलं, नाहीतर तो आमच्या यादीत नव्हताच.

कधी आणि कसं विचारायचं

बुधवारी किंवा रविवारी मासे-मटण असेल तर त्या रात्री फॉर्म देऊ नका, सगळं गोड गोड येतं. चतुर्थीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडाही सोडा कारण कोकणात तेव्हा होस्टेल निम्मं रिकामं असतं, आणि जे परत येतात ते आठ दिवस घरचं खाऊन आलेले असतात, त्यांना मेसचं काहीच आवडत नाही. मंगळवार किंवा गुरुवार, साधं जेवण, जेवून झाल्यावर अर्ध्या तासात, हे सगळ्यात चांगलं.

गुगल फॉर्म सोपा पडतो, बेरीजही आपोआप होते. पण दोन गोष्टी बघून घ्या. त्यात ईमेल गोळा करायचा पर्याय बंद आहे ना हे तपासा, नाहीतर निनावी म्हणून सांगितलं तरी पोरांना नाव दिसतं आणि ती लिहायची थांबतात. आणि पावसात लाईट-नेटवर्कचा भरवसा नसेल तर सरळ कागद काढा. कागदावर लिहायला कमी आणि टिक करायला जास्त ठेवा कारण १२० जणांच्या होस्टेलमध्ये अक्षरावरून माणूस लगेच ओळखू येतो. नाव नको, रूम नंबर नको. फक्त दोन गोष्टी वर विचारा, त्या पुढे फार कामाला येतात:

"तुम्ही रात्री साधारण कितीला जेवता? पहिल्या पंगतीत / दुसऱ्या पंगतीत"

"घरी रोजच्या जेवणात जास्त काय असतं? भात / पोळी / भाकरी"

फॉर्म गोळा करायला मेसवाल्यांचा माणूस नको आणि वाढपी समोर उभा असताना भरायचाही नको. पोरांना रोज त्याच्याच हातून वाढून घ्यायचं असतं.

चवीचे प्रश्न

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा थांबून सांगतो.

चवीला १ ते ५ गुण देऊ नका. त्याऐवजी 'कमी / बरोबर / जास्त' ठेवा. कारण कुणी २ गुण दिले तर ते तिखट कमी म्हणून दिले की जास्त म्हणून हे कळत नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना तर तेवढंच हवं असतं की मसाला वाढवू की उतरवू. प्रश्न असे:

"या आठवड्यात आमटीत मीठ: कमी / बरोबर / जास्त / रोज वेगळं"

"भाजीत तिखट: कमी / बरोबर / जास्त"

"रस्सा: पातळ / बरोबर / घट्ट"

मिठात 'रोज वेगळं' हा चौथा पर्याय मुद्दाम आहे. बरीच टिक तिथे पडली तर मीठ जास्त की कमी हा प्रश्नच नसतो, कुणीतरी मोजून घालत नाहीये किंवा सकाळ-संध्याकाळ वेगळी माणसं घालतायत असा त्याचा अर्थ. उपाय साधा, एक ठरलेली वाटी आणि टोपाच्या मापाला किती वाट्या ते भिंतीवर लिहून ठेवायचं.

आता आमच्याकडे तिखटाचं काय झालं ते बघा. एकूण १०४ फॉर्म आले. त्यात ३० जणांनी तिखट जास्त म्हटलं, २९ जणांनी कमी आणि ४५ जणांनी बरोबर. नुसती बेरीज बघितली तर वाटतं की अगदी मध्यावर आहे, हात लावू नका. पण वर जो भात-पोळी-भाकरीचा प्रश्न होता त्याप्रमाणे गठ्ठे वेगळे केल्यावर चित्र उलटं निघालं. घरी भात खाणारे ५८ जण होते, त्यांतले २७ जण म्हणत होते जास्त, २६ बरोबर आणि फक्त ५ कमी. पोळी-भाकरीवाले ४६, त्यांतले २४ म्हणत होते कमी, १९ बरोबर आणि ३ जास्त. म्हणजे एका टोपात दोन घरं जेवत होती. मावशींना विचारल्यावर उलगडा झाला. आदल्या वर्षी घाटावरच्या पोरांनी कटकट केली म्हणून त्यांनी मसाला वाढवला होता, तेवढ्याने त्यांचं भागलं नाही आणि इकडच्या पोरांचं मात्र बिघडलं. सरासरी काढून बसलो असतो तर हे कधीच दिसलं नसतं. मग तिखट आधीच्या मापावर आणलं आणि वाढायच्या टेबलावर लसूण-मिरचीचा ठेचा ठेवला, ज्याला हवा त्याने घ्यावा. खर्च जवळजवळ काहीच नाही.

चवीत गरम-गारही धरा. गार झालेल्या आमटीला चव नाही असंच पोरं म्हणतात, गार आहे असं म्हणत नाहीत. म्हणून वेगळं विचारा:

"काल रात्री ताटात आलं तेव्हा भात: गरम / कोमट / गार", आणि हेच पोळीबद्दल.

आणि एक प्रश्न बादलीवरून:

"काल रात्री तुम्ही ताटात काय टाकलंत? काही नाही / भात / पोळी / भाजी / आमटी. का टाकलंत? चव नाही / गार / कच्चं किंवा जास्त शिजलेलं / पोट भरलं / वाढपी जास्त वाढतो"

शेवटचा पर्याय विसरू नका. आमच्याकडे भात वाया जायचं एक कारण निव्वळ मोठा डाव हे होतं.

स्वच्छतेचे प्रश्न

"स्वयंपाकघर स्वच्छ आहे का?" हा प्रश्न पोरांना विचारून उपयोग नाही, कारण ती आत जातच नाहीत. त्यांना जे दिसतं, हाताला लागतं, नाकाला येतं तेवढंच त्यांना विचारा. आतलं बघायचं काम कमिटीच्या दोन जणांचं, त्यांनी आठवड्यातून एकदा न सांगता जायचं. या दोन याद्या वेगळ्या ठेवा.

पोरांसाठी:

"गेल्या सात दिवसांत ताट किंवा ग्लास तुम्हाला: ओला / तेलकट / वास येणारा / ठीक मिळाला" (एकाहून जास्त टिक चालतील)

"गेल्या १५ दिवसांत जेवणात केस, किडा, खडा असं काही निघालं का? निघालं असेल तर कुठल्या पदार्थात आणि कुठल्या जेवणाला?"

पदार्थ विचारायचं कारण असं की किडा कशात निघाला यावरून तो कुठून आला ते कळतं. पावसाळ्यात इकडे हवा इतकी दमट असते की तांदळाला, पिठाला, कडधान्याला टोके-पोरकिडे पटकन लागतात, तेव्हा भातात किडा म्हणजे भांडारातली गोणी जमिनीला टेकलीय किंवा भिंतीला लागलीय का ते बघायचं, फळीवर ठेवायची आणि जुनी आधी संपवायची. पालेभाजीत अळी म्हणजे निवडण्यात घाई. आणि आमटीत झुरळ म्हणजे रात्री टोपावर झाकण नाही. प्रत्येकाला माणूस वेगळा, उपाय वेगळा.

कमिटीच्या यादीत थोडंच ठेवा: पाणी, फ्रीज, हात धुवायला साबण, तळणाचं तेल, आणि दर्शनी भागात एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर लावलेला आहे का. कामगारांची वर्षातून एकदा डॉक्टरकडून तपासणी व्हायला लागते, तो कागद मागून बघा.

पाण्याबद्दल विशेष. बऱ्याच ठिकाणी मेसला विहिरीचं पाणी असतं आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ते गढूळ होतं. क्लोरीन टाकलंय असं सगळे सांगतात, पण टाकून अर्ध्या तासाने पाण्यात शिल्लक किती राहिलं ते महत्त्वाचं, ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य उपकेंद्रात पाणी तपासायचं साधं किट असतं, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, पिवळं झालं नाही म्हणजे क्लोरीन उरलेलं नाही. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन गाळच खाऊन टाकतो, म्हणून आधी पाणी निवळू द्यायचं. आणि हे नळाला नाही, मेसच्या पिण्याच्या पिंपात तपासायचं.

आता पोट बिघडण्याचा प्रश्न. तो फॉर्मवर हवाच, पण असा:

"गेल्या १५ दिवसांत मेसमध्ये जेवल्यावर उलटी, जुलाब, अंगाला खाज असं काही झालं का? किती तासांनी सुरू झालं? काय खाल्लं होतं? तुमच्या खोलीत आणखी कुणाला झालं?"

किती तासांनी, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे कोकणातल्या दोन गोष्टी माहीत असायला हव्यात.

एक बांगडा. बांगडा, तारली, कुपा असले मासे पकडल्यापासून बर्फात नीट राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून, तळून कशानेही जात नाही. जेवताना किंवा तासा-दोन तासांत तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते, ओठ झिणझिणतात. पोरं म्हणतात मला माशाची ॲलर्जी आहे आणि विषय संपतो. पण एकाच रात्री चार जणांना एकदम ॲलर्जी होत नाही. चौघांनी एकाच टोपातला बांगडा खाल्ला असेल तर मासा गाडीत, मार्केटात किंवा मेसच्या ओट्यावर बर्फाशिवाय पडून होता असं धरून चला आणि विकत घेण्यापासून फोडणीपर्यंत किती वेळ गेला ते विचारा. कुणाला श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र विचारत बसू नका, लगेच दवाखाना.

दुसरी गोष्ट भात. भात शिजवताना मरत नाहीत असे काही जंतूंचे बीज तांदळात असतात, ते शिजलेला भात तासन् तास उबेला पडून राहिला की वाढतात आणि विष सोडतात. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या, ही त्याची खूण. परत गरम केला तरी ते विष जात नाही. म्हणून दुपारचा उरलेला भात रात्री फोडणी देऊन नाश्त्यासारखा वाढत असतील तर तो दुपारभर कुठे होता हे बघायलाच हवं. वाढेपर्यंत भात वाफाळता गरम, म्हणजे ६० अंशांच्या वर, नाहीतर उरलेला पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये. मधली अवस्था नको.

हा प्रश्न फॉर्मवर असला तरी आजारपणाची बातमी फॉर्मची वाट बघत थांबता कामा नये. आम्ही एक वही रेक्टरांच्या खोलीबाहेर ठेवली, त्यात त्याच दिवशी लिहायचं, आणि एका जेवणानंतर तीनपेक्षा जास्त नावं आली की त्या जेवणाचा शिल्लक नमुना बाजूला काढायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. त्यासाठी रोज प्रत्येक पदार्थाची एक झाकणवाली डबी तारीख लिहून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायची. आतून टाळाटाळ झाली तर राज्याच्या एफडीएचा टोल फ्री नंबर आहे, १८००-२२२-३६५.

मेन्यूतल्या बदलाचे प्रश्न

"व्हरायटी पुरेशी आहे का?" याला सगळे नाही म्हणतात. म्हणून विचारण्याआधी गेल्या १४ दिवसांत काय काय शिजलं ते कागदावर उतरवा आणि मोजा. आमच्याकडे पांढरा वाटाणा पाच वेळा आला होता, बटाटा कशा ना कशात तरी नऊ वेळा. ही यादी फॉर्मच्या मागे छापा आणि मग विचारा:

"यातले कुठले दोन पदार्थ कमी व्हावेत? कुठले दोन वाढावेत?"

"यादीत नसलेला एक पदार्थ सुचवा जो इतक्याच पैशात होईल"

पैशाची अट लिहिली नाही तर सगळ्या कागदांवर पनीर आणि बिर्याणी येते आणि फॉर्म वाया. अट लिहिल्यावर कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याचं सांबार, अळूचं फतफतं, टाकळ्याची भाजी, कोवळ्या फणसाची भाजी असली नावं आली. यातलं बरंच पावसाळ्यात किंवा त्याच्या तोंडावर आजूबाजूला स्वस्तात मिळतं, पण मेसवाल्यांना वाटायचं पोरांना गावठी खायला आवडणार नाही. घाटावरच्या पोरांनी आठवड्यातून दोनदा भाकरी मागितली, तीही तांदळाची चालेल म्हणाले.

अजून एक प्रश्न घाला, तो मला फार उशिरा सुचला: "भाजी वेगळी असली तरी रस्सा रोज एकच लागतो का? हो / कधी कधी / नाही." कारण खूप मेसमध्ये सकाळी एकच मोठं वाटण करतात, तेच वाटाण्यात, तेच चण्यात, तेच अंड्यात. कागदावर सात भाज्या दिसतात आणि तोंडाला एकच चव. 'हो' जास्त आलं तर मेन्यू बदलू नका, वाटण बदला. आठवड्यातले दोन दिवस भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं, दोन दिवस ओल्या नारळाचं, बाकी दिवस नुसती फोडणी आणि कोकम.

मासे खाणाऱ्यांना १ जून ते ३१ जुलै या काळात वेगळं विचारा. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ताजा मासा कमी आणि महाग, आणि जो बर्फातून लांबून येतो तो बांगडा वर सांगितल्याप्रमाणे जोखमीचा. तेव्हा "मासे हवेत का" असं विचारणं म्हणजे मेसवाल्यांना खोटं आश्वासन द्यायला लावणं. त्याऐवजी "माशाच्या दिवशी त्याऐवजी काय चालेल? अंडी / सुकट / चिकन कमी वाट्याने" असं विचारा. श्रावणात किती जण नॉनव्हेज सोडणार हेही त्याच फॉर्मवर घ्या, खरेदीचा अंदाज बरोबर येतो.

तक्रारीचं पुढे काय होतं, हे विचारायचे प्रश्न

बाकी सगळ्या फॉर्मवर हा भाग एका ओळीत उरकतात, "तक्रारींची दखल घेतली जाते का?" माझ्या मते यालाच सगळ्यात जास्त जागा द्यायला हवी, कारण ज्या होस्टेलमध्ये तक्रार वर पोचते तिथे चव आणि स्वच्छता हळूहळू सुधारतेच, आणि पोचत नसेल तर फॉर्म कितीही चांगला असो, वर्षातून एकदा राग काढण्यापलीकडे काही होत नाही.

इथेही मत नको, शेवटची घडलेली तक्रार विचारा. एकामागून एक:

"गेल्या महिन्यात जेवणाबद्दल काही तक्रार करावीशी वाटली का?"

"वाटली असेल तर सांगितलीत का? कुणाला? वाढपी / मेसवाले / कमिटी / रेक्टर / वहीत लिहिली"

"उत्तर किती दिवसांत मिळालं? त्याच दिवशी / आठवड्यात / नंतर / मिळालंच नाही"

"बदल झाला का? झाला आणि टिकला / झाला पण परत तसंच / नाही / होणार नाही पण कारण सांगितलं"

"सांगितली नसेल तर का? आधी सांगून काही झालं नव्हतं / कुणाला सांगायचं माहीत नाही / वाढताना त्रास देतील किंवा नाव खराब होईल / फार छोटी गोष्ट वाटली"

या शेवटच्या प्रश्नासाठीच सगळा खटाटोप. आमच्या १०४ पैकी ७१ जणांना महिन्यात तक्रार करावीशी वाटली होती आणि सांगितली फक्त १९ जणांनी. राहिलेल्या ५२ मध्ये २८ जणांनी टिक केली 'आधी सांगून काही झालं नव्हतं', १३ जणांनी 'कुणाला सांगायचं माहीत नाही', बाकीचे विखुरलेले. तक्रारवही होती की आमच्याकडे, मेसच्या दारात, सुतळीला पेन बांधून. उघडून बघितली तर त्यात तक्रारी होत्या, पण एकाही तक्रारीखाली उत्तर नव्हतं. तीन महिन्यांपूर्वीची "ग्लासांना वास येतो" तशीच पडलेली. कोण लिहिणार मग दुसऱ्यांदा.

वहीला चार रकाने पाडले. तारीख आणि कुठलं जेवण, काय झालं, कोण बघणार, आणि उत्तर तारखेसह. मुदतीही ठरवल्या: किडा, वास, पोट बिघडणं याला त्याच जेवणात उत्तर, मीठ-तिखट-गार याला दोन दिवस, मेन्यू आणि पैशाची गोष्ट महिन्याच्या मीटिंगला. 'कोण बघणार' या रकान्यात 'मेस' असं लिहायचं नाही, माणूस लिहायचा. आणि जे जमणार नाही ते "जमणार नाही, कारण अमुक" असं स्पष्ट लिहायचं. पोरांना नकार चालतो, गप्प बसणं चालत नाही.

आधी पाच जणांवर करून बघा

फॉर्म छापण्याआधी पाच जणांना भरायला द्या, त्यात एक पहिल्या वर्षाचा, एक फक्त व्हेज खाणारा, एक उशिरा जेवणारा असा. शेजारी बसा आणि कुठे अडतायत ते बघा, सांगू काही नका. सात-आठ मिनिटांच्या वर गेला तर प्रश्न कापा. कापायचे कसे? प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, याचं उत्तर वाईट आलं तर कोण काय करणार. जिथे काही लिहिता येत नाही तो प्रश्न काढा. आमचे "मेसमधलं वातावरण कसं वाटतं" आणि "कर्मचाऱ्यांची वागणूक १ ते ५" असे तीन-चार प्रश्न इथेच गेले.

उत्तरं वाचायची कशी, भाताचंच घ्या

"काल रात्री भात गार होता" असं १०४ पैकी ३५ जणांनी म्हटलं. एक तृतीयांश. मेसवाले काका म्हणाले, दोन तृतीयांश खूश आहेत ना. मग पंगतीप्रमाणे वेगळं केलं. पहिल्या पंगतीचे ६१ जण, त्यातले गार म्हणणारे ४. दुसऱ्या पंगतीचे ४३, त्यातले ३१. म्हणजे भात गार असतो हे खरं नाही, दुसऱ्या पंगतीला भात गार असतो हे खरं.

आता पहिल्या तीन दिवसांची वही काढली. भात साडेपाचला उतरत होता आणि दुसरी पंगत सव्वाआठला बसत होती, जवळजवळ पावणेतीन तास. हा नुसत्या चवीचा प्रश्न नाही, वर भाताबद्दल जे लिहिलं त्यातलीच ही मधली अवस्था. एवढ्या लवकर का शिजवतात? कारण स्वयंपाकाच्या मावशी आठची शेवटची एसटी पकडून गावी जायच्या, आणि सगळं आवरून भांडी घासायला टाकायची तर साडेपाचलाच भात उतरवायला लागायचा. त्यांना बोलण्यात काहीच अर्थ नव्हता, एसटी चुकली तर त्या घरी कशा जाणार.

मग भात दोनदा लावायचं ठरलं. मावशींनी जाताना दुसऱ्या पंगतीचा तांदूळ धुऊन, पाणी मोजून टोपात तयार ठेवायचा, ४५ जणांना माणशी १२० ग्रॅम धरून ५ किलो ४०० ग्रॅम. राहायला मेसमध्येच असलेल्या वाढप्याने साडेसातला गॅस पेटवायचा. पहिले दोन दिवस भात खाली लागला कारण टोप मोठा आणि आच मोठी, नंतर मावशींनी आच कधी बारीक करायची ते त्याला समोर उभं राहून दाखवलं आणि जमलं.

पंधरा दिवसांनी परत विचारा

पूर्ण फॉर्म नको, तीनच प्रश्नांची चिठ्ठी, आणि जिथे बदल केला तेवढंच. आमची चिठ्ठी अशी होती: काल रात्री भात गरम, कोमट की गार, तिखट कमी, बरोबर की जास्त, वहीत लिहिलेल्या तुमच्या तक्रारीला उत्तर आलं का. वर पंगतीची टिक. दुसऱ्या पंगतीत गार म्हणणारे ३१ वरून ६ वर आले. त्या सहाजणांना नोटीसबोर्डावरूनच विचारलं, कितीला जेवता, तर ते लायब्ररीतून नऊनंतर येणारे निघाले. त्यांचा भात आता झाकणाच्या डब्यात, गरम पाण्याच्या टोपात ठेवतात.

नोटीसबोर्डावर आकडे लावताना न सुटलेल्याही गोष्टी लावा. आमच्या कागदावर शेवटची ओळ होती, "ग्लासांचा वास: अजून येतो, टाकी शनिवारी रिकामी करून घासणार, बघणार कमिटीचे दोघं." शनिवारी टाकी घासली, तळाला बोटभर गाळ निघाला.